निबंधाचे गुणदान: शुद्धलेखनाचे गुण कमी केले तरी निकाल का बदलत नाही

प्रश्न: आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी विभागाची वैचारिक निबंधस्पर्धा दरवर्षी होते आणि तीन परीक्षक निबंध तपासतात. गुण असे आहेत: युक्तिवाद २५, मांडणी १५, शुद्धलेखन व व्याकरण १०, एकूण ५०. युक्तिवादाला निम्मे गुण ठेवूनही सलग दोन वर्षे पहिला क्रमांक स्वच्छ पण पोकळ निबंधाला गेला आणि खरा विचार करणारी मुले मागे राहिली. शुद्धलेखनाचे १० चे ५ करावेत का? आणखी काही करता येईल का?

उत्तर:

१० चे ५ केल्याने तुमची अडचण बहुधा सुटणार नाही, कारण ती छापील गुणांत नसून परीक्षकांनी प्रत्यक्ष दिलेल्या गुणांच्या पसाऱ्यात आहे. एखाद्या निकषापुढे २५ हा आकडा लिहिला की निकालात त्याचा निम्मा वाटा झाला, असे आपण धरून चालतो. क्रमांक मात्र ठरतो तो एका निबंधात आणि दुसऱ्या निबंधात पडलेल्या फरकावरून. एखाद्या निकषात सगळ्यांना सारखेच गुण मिळाले, तर तो निकष २५ चा असो वा १०० चा, क्रमवारीत त्याचे मत शून्य असते; आणि ज्या निकषात कोणाला २ तर कोणाला ९ मिळतात, तो १० चा असला तरी निकाल त्याच्याच हातात जातो. छापील भारांश आणि चालणारा भारांश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या स्पर्धेत, मला दिसते त्याप्रमाणे, दुसऱ्याकडे कोणी पाहिलेले नाही.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी नियामक होतो. गुणविभागणी तुमच्यासारखीच होती आणि विषय होता, ‘कमी पटाच्या शाळा एकत्र कराव्यात का?’ त्यातले सहा निबंध नमुन्यादाखल घेतो.

| निबंध | युक्तिवाद (२५) | मांडणी (१५) | शुद्धलेखन (१०) | एकूण (५०) |
|---|---|---|---|---|
| क | १७ | १० | २ | २९ |
| ख | १६ | १० | ५ | ३१ |
| ग | १५ | १० | ९ | ३४ |
| घ | १६ | ९ | ४ | २९ |
| च | १४ | १० | ८ | ३२ |
| छ | १५ | ९ | ७ | ३१ |

युक्तिवादात सर्वांत पुढे असलेला ‘क’ एकूण गुणांत तळाला आहे, आणि युक्तिवादात सर्वांत मागे असलेल्या ‘च’ला दुसरा क्रमांक मिळाला आहे. शेवटचा रकाना झाकून फक्त शुद्धलेखनाच्या रकान्यावरून क्रम लावला, तर जवळजवळ हाच निकाल हाती येतो. याचे कारण दोन रकान्यांच्या टोकांमध्ये आहे. युक्तिवादाचे गुण १४ ते १७ म्हणजे तीन गुणांच्या पट्ट्यात बसले आहेत, तर शुद्धलेखनाचे २ ते ९ म्हणजे सात गुणांत पसरले आहेत. २५ चा निकष तीन गुणांनी बोलतो आहे आणि १० चा सात गुणांनी.

आता तुमचा उपाय याच आकड्यांवर लावून पाहू. शुद्धलेखन ५ चे केले आणि वाचलेले पाच गुण युक्तिवादाला देऊन तो ३० चा केला, तर ‘क’चे गुण २०.४ अधिक १० अधिक १, म्हणजे ३१.४ होतात. ‘ग’चे १८ अधिक १० अधिक ४.५, म्हणजे ३२.५ होतात. पहिला क्रमांक ‘ग’चाच राहतो, ‘ख’ ३१.७ घेऊन दुसरा येतो आणि ‘क’ तिसरा. तळातून तिसऱ्यावर आला हे खरे, पण भारांश निम्मा करूनही जो निबंध मागे पडावा असे तुम्हाला वाटते, तो हलला नाही. तळाशी बांधलेली गोष्ट नुसती ओढून उपयोग नसतो, तसे हे झाले.

तेव्हा पहिले काम हे करावे. गेल्या दोन वर्षांच्या गुणतक्त्यातले निकषवार रकाने संगणकावर भरा आणि प्रत्येक रकान्याचे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, काढा. चाळीस निबंध असतील तर एक्सेलमध्ये युक्तिवादाच्या आणि शुद्धलेखनाच्या रकान्याखाली एवढेच लिहायचे:

```
=STDEV.P(B2:B41)
=STDEV.P(D2:D41)
```

वरच्या सहा निबंधांत हे आकडे युक्तिवादासाठी सुमारे १, तर शुद्धलेखनासाठी सुमारे २.४ येतात. म्हणजे निकालावरची पकड अडीचपट शुद्धलेखनाची आहे. नुसता सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान गुण यांतला फरक पाहूनही अंदाज येतो, पण एखाद्याच निबंधाला अगदी कमी गुण असतील तर तो फरक फसवतो, म्हणून विचलन बरे. युक्तिवादाचा आकडा शुद्धलेखनाच्या आकड्याच्या निदान दुप्पट असावा, अशी माझी सवयीची अपेक्षा असते. ती कुठल्या शास्त्राने ठरवलेली नाही. तुमच्या छापील गुणांचे प्रमाण अडीचपट आहे, तेव्हा चालणारे प्रमाण त्याच्या आसपास यावे, एवढाच तिचा अर्थ आहे.

युक्तिवादाचे गुण असे मध्यावर गोळा का होतात, हे परीक्षक म्हणून बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. शुद्धलेखनाची चूक दाखवता येते; तिच्याभोवती लाल वर्तुळ काढता येते आणि विद्यार्थी विचारायला आला तर बोट ठेवता येते. ‘तुझा मुद्दा पोकळ आहे’ हे मात्र सिद्ध करावे लागते. हाताशी काही मोजमाप नसेल तर परीक्षक २५ पैकी १५ किंवा १६ देऊन सुरक्षित राहतो, आणि ही सुरक्षितता तीस-चाळीस निबंधांवर पसरली की युक्तिवादाचा निकष मुका होतो. पुढे सगळी छाननी त्या एकाच निकषावर होते जिथे परीक्षकाला हात धुवून मागे लागता येते.

त्या दोन निबंधांतला एकेक उतारा देतो, म्हणजे २ गुणांचा फरक कशाचा होता ते कळेल. ‘ग’ लिहितो: ‘शिक्षण हा प्रगतीचा पाया आहे. शाळा हे ज्ञानाचे मंदिर असून प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालेच पाहिजे. म्हणून शासनाने योग्य तो निर्णय घेऊन विद्यार्थ्यांचे उज्ज्वल भविष्य घडवावे.’ एकही चूक नाही. ‘उज्ज्वल’सुद्धा बरोबर लिहिले आहे, जे पुष्कळ मोठ्या माणसांना जमत नाही. पण शाळा एकत्र कराव्यात की नाही, हे या तीन वाक्यांतून कळत नाही; भूमिका आणि तिचा एकुलता आधार अगदी शेवटी ओझरता येतो. ‘क’ लिहितो: ‘शाळा एकत्र केल्यास शिक्षक मिळतील हे खरे आहे परंतू ओढ्यापलिकडच्या वस्तीवरची मुले पावसाळ्यात दोन महीने येणार नाहीत. म्हणून अंतर फक्त कीलोमीटरमध्ये न मोजता लहान मुलगी एकटी चालत जाईल का असे मोजावे आणी जिथे गाडी आहे तिथेच शाळा जोडावी.’ दोन वाक्यांत पाच चुका आहेत. त्याच दोन वाक्यांत विरुद्ध बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा मान्य केलेला आहे, त्यावर हरकत घेतलेली आहे, मोजण्याची पद्धतच बदलावी असे सुचवलेले आहे आणि शेवटी अट घालून निर्णय दिलेला आहे. या दोघांना २५ पैकी १७ आणि १५ देणारा परीक्षक अन्याय करत नव्हता. त्याच्याकडे पट्टीच नव्हती.

ती पट्टी पायऱ्यांच्या रूपात लिहून द्यावी. मी पाच-पाच गुणांच्या पाच पायऱ्या ठेवतो आणि त्यासाठी आपल्या परंपरेतले पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष हे शब्द वापरतो, कारण मराठीच्या शिक्षकांना ते लगेच उमगतात. विषयाभोवती फिरणारी माहिती आहे पण भूमिकाच नाही, तो निबंध पहिल्या पायरीवर, म्हणजे पाचपर्यंत. भूमिका आहे पण कारणे नुसत्या विधानांसारखी ओळीने मांडली आहेत, तो दुसरीवर, दहापर्यंत. निदान एका कारणाला तपासता येईल असा आधार दिला आहे, म्हणजे स्वतः पाहिलेली गोष्ट, आकडा किंवा नियम, उदाहरणार्थ पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी ही शिक्षणहक्काच्या नियमांतली तरतूद, तो तिसरीवर. पूर्वपक्ष त्याच्या सबळ रूपात मांडून त्याला उत्तर दिले आहे, तो चौथीवर. आणि आपली भूमिका कुठे लागू पडणार नाही हेही सांगून निष्कर्षाला अट घातली आहे, तो पाचवीवर. परीक्षकाने आधी पायरी ठरवायची आणि मग पायरीच्या आतला गुण द्यायचा. ‘उत्तम’, ‘चांगला’, ‘साधारण’ असे शब्द पायऱ्यांना देऊ नयेत. ते दिले की सगळे निबंध पुन्हा ‘चांगला’वर गोळा होतात.

‘पूर्वपक्ष मांडला’ या ओळीत एक खाच आहे. ‘काही लोक म्हणतात की शाळा बंद कराव्यात, पण ते चूक आहे’ हे पूर्वपक्षाचे नाटक झाले. विरुद्ध बाजूच्या माणसाने वाचून ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणावे, इतपत तो मांडलेला असला तरच चौथी पायरी द्यावी. ही गोष्ट पहिल्या वाचनात हुलकावणी देते, म्हणून परीक्षकांना नमुना दाखवून समजावावी लागते.

त्या स्पर्धेत मी सहाही निबंधांचा युक्तिवाद या पट्टीवर पुन्हा वाचायला लावला. नवे गुण आले ते असे: ‘क’ २२, ‘घ’ १८, ‘ख’ १७, ‘छ’ १३, ‘ग’ ११ आणि ‘च’ ८. मांडणी आणि शुद्धलेखनाचे जुने गुण आम्ही जराही हलवले नाहीत. शुद्धलेखन १० चेच ठेवले. तरीही एकूण गुण ‘क’ ३४, ‘ख’ ३२, ‘घ’ ३१, ‘ग’ ३०, ‘छ’ २९ आणि ‘च’ २६ असे झाले. युक्तिवादात एका गुणाने पुढे असलेला ‘घ’ शुद्धलेखनामुळे ‘ख’च्या मागे गेला, आणि दोन गुणांनी मागे असलेला ‘ग’ ‘छ’च्या पुढे आला. शुद्धलेखनाने करावे ते एवढेच: विचार जवळजवळ सारख्या तोलाचे असतील तिथे निवाडा द्यावा. भारांशाला हात न लावता हे झाले, म्हणूनच १० चे ५ करण्याची घाई करू नका असे सुरुवातीला म्हणालो.

इथे एक सोपी पण चुकीची वाट आहे आणि गणित येणारे सहकारी ती हमखास सुचवतात. युक्तिवादाचे १४ ते १७ हे गुण सूत्राने ताणून ५ ते २२ करता येतील, मग पुन्हा वाचायचे कष्ट कशाला? त्याचे कारण असे की गोळा झालेल्या गुणांतल्या एका-दोन गुणांच्या फरकात विचाराचा वाटा किती आणि परीक्षकाच्या त्या घटकेच्या मनःस्थितीचा वाटा किती, हे सूत्राला कळत नाही. ते दोन्ही सारखेच ताणते. तपासायचे असेल तर दहा निबंधांचा युक्तिवाद दोन परीक्षकांकडून एकमेकांचे गुण न दाखवता तपासून घ्या. दोघांत सरासरी चार गुणांचे अंतर पडत असेल, तर तीन गुणांच्या पट्ट्यातल्या क्रमाला काही अर्थ नव्हता हे उघड आहे. तो ताणून मोठा केला तर निरर्थकपणाच मोठा होईल.

परीक्षकांत अंतर पडते ते आळसाने नव्हे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने एक पाहणी केली होती. महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ५३ वाचकांना दिले आणि कुठलाही निकष न सांगता नऊ गटांत लावायला सांगितले. शंभरातल्या ९४ निबंधांना निदान सात वेगवेगळे गट मिळाले. वाचकांची विभागणी पाहिली तेव्हा पाच प्रवृत्ती दिसल्या: कोणी कल्पनांना तोलत होते, कोणी रचनेला, कोणी लेखकाच्या व्यक्तित्वाला, कोणी शब्दयोजनेला, आणि एक गट मुख्यतः चुकांना. प्रत्येकाच्या मनात आपापला भारांश आधीच होता. तुमच्या तीन परीक्षकांतही तो असणार, आणि छापील गुणतक्ता हातात दिल्याने तो पुसला जात नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून चार जुने निबंध तपासून, गुण मोठ्याने वाचून, भांडून घेण्याची एक तासाची बैठक टाळता येत नाही.

आता शुद्धलेखनाच्या रकान्याकडे वळतो, कारण तिथेही पसारा कृत्रिमपणे वाढवलेला होता. दर चुकीला पाव गुण वजा, ही पद्धत वरच्या स्पर्धेत होती आणि बहुधा तुमच्याकडेही असेल. ‘क’चा निबंध सुमारे ९०० शब्दांचा आणि त्यात ३२ चुका होत्या, म्हणून आठ गुण गेले आणि २ उरले. ‘ग’चा ४५० शब्दांचा आणि त्यात ४ चुका, म्हणून ९. जो अधिक लिहितो त्याला अधिक चुकायला जागा मिळते, आणि युक्तिवाद पुरा करायला तर अधिक लिहावेच लागते. म्हणजे ही पद्धत नेमकी विचार करणाऱ्यालाच दंड करते. निदान शंभर शब्दांमागे चुका मोजाव्यात. मग ‘क’च्या चुका ३.६ आणि ‘ग’च्या ०.९ होतात, आठपटीचे अंतर चारपटीवर येते.

त्या ३२ चुका मी एकेक करून पाहिल्या. चौदा वेळा ‘आणी’ आणि पाच वेळा ‘परंतू’ होते. म्हणजे १९ चुका दोनच गोष्टी माहीत नसल्याच्या होत्या. उरलेल्या १३ वेगवेगळ्या. एकच चूक पुन्हा आली तर एकदाच मोजायची असे ठरवले, की ३२ च्या १५ होतात आणि शंभर शब्दांमागचे प्रमाण १.७ वर येते. शिवाय ‘आणी’ लिहिणारा मुलगा कानाने लिहितो. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घच उच्चारतो आणि बहुतेक मराठी शब्दांत तो दीर्घच लिहितो. ‘आणि’, ‘परंतु’ हे त्याला अपवाद आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि ज्यांत १९७२ साली चारांची भर पडली, त्यांतला मोठा भाग अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाचाच आहे. ते पाळावेत, शिकवावेतही. पण ते मोडल्याने वाक्याचा अर्थ क्वचितच हलतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ अशा जोड्या परीक्षकांच्या तोंडी फार असतात. निबंधात त्या फार थोड्या वेळा भेटतात. उलट ‘शिक्षकांनी पालकांना सांगितले की त्यांनी मुले पाठवायची नाहीत असे ठरवले आहे’ या वाक्यात एकही अक्षर चुकलेले नाही, पण कोणी काय ठरवले ते कळत नाही. युक्तिवादाच्या निबंधात खरी हानी या दुसऱ्या जातीच्या चुकीने होते.

म्हणून शुद्धलेखनालाही मी चूकमोजणीऐवजी पायऱ्या लावतो आणि त्या वाचकाच्या बाजूने लिहितो. चुका शोधाव्या लागतात, तर ९ किंवा १०. चुका नजरेत येतात पण वाचन थांबत नाही, तर ७ किंवा ८. वाक्य पुन्हा वाचावे लागते, तर ५ किंवा ६. अर्थच लागत नाही किंवा उलटा लागतो, तर त्याच्याही खाली. या पट्टीवर ‘क’ला ७ मिळाले असते. मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. सगळ्यांचे गुण ७ ते ९ मध्ये आले, तर आता शुद्धलेखनाचा निकष मुका होईल, आणि भाषेच्या वर्गात तो मुका करणे हाही एक निर्णय आहे. तो नकळत होऊ नये. विचलन दरवर्षी काढायचे ते यासाठी.

यानंतर उरतो तो भाग सर्वांत अवघड आहे. अशुद्ध लिहिलेला मुद्दा वाचताना तो मुद्दाच कच्चा आहे असे वाटू लागते. मार्शल आणि पॉवर्स यांचा १९६९ चा प्रयोग याच प्रश्नावर होता. केवळ आशय पाहून गुण द्या, असे तपासणाऱ्यांना बजावले होते, तरी लेखनातल्या चुकांमुळे गुण कमी झाले. म्हणजे शुद्धलेखनाचे गुण दोनदा कापले जातात: एकदा स्वतःच्या रकान्यात आणि एकदा, कोणाच्याही न कळत, युक्तिवादाच्या रकान्यात. हे तुमच्याकडे किती घडते ते मोजता येते. वेगवेगळ्या तोलाचे सहा निबंध घ्या, फक्त लेखनाच्या चुका दुरुस्त करून टंकलिखित प्रती काढा, शब्द किंवा वाक्यरचना बदलू नका, आणि मूळ निबंध न पाहिलेल्या परीक्षकाकडून केवळ युक्तिवादाचे गुण घ्या. त्याच परीक्षकाकडे तुलनेसाठी स्वच्छ मुळाचेही दोन निबंध द्यावेत, म्हणजे तो एकूणच सढळ आहे की काय हे कळेल. चुकांनी भरलेल्या निबंधांचे गुण दोन-तीनने वर गेले आणि स्वच्छ निबंधांचे जागेवर राहिले, तर गळती तिथे आहे.

गळती थांबवायला मी दोन गोष्टी करतो. युक्तिवाद आणि शुद्धलेखन एकाच माणसाने एकाच वाचनात तपासायचे नाही; शक्य असेल तर शुद्धलेखन वेगळ्या शिक्षकाकडे द्यायचे, आणि मनुष्यबळ नसेल तर आधी सगळ्या निबंधांचा युक्तिवाद लाल पेन बाजूला ठेवून तपासायचा, ते गुण वेगळ्या कागदावर लिहून टाकायचे आणि मग दुसऱ्या फेरीत शुद्धलेखन पाहायचे. लाल पेन बाजूला ठेवणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण हातात ते असले की डोळा आपोआप वेलांट्यांवर जातो. दुसरे म्हणजे गुणतक्त्याची शब्दरचना तपासायची. पुष्कळ तक्त्यांत ‘मांडणी’खाली ‘ओघवती, शुद्ध व प्रभावी भाषा’ असे लिहिलेले असते. तिथला ‘शुद्ध’ हा शब्द काढून टाका. नाहीतर तुमचे १५ गुणही अर्धेमुर्धे शुद्धलेखनाचेच आहेत. मांडणीत फक्त मुद्द्यांचा क्रम, परिच्छेदांची जोडणी आणि निष्कर्षापर्यंतची वाट एवढेच राहू द्या.

एवढे केल्यावर छापील आकड्यांचा विचार करावा, आणि तो आपण काय पारखतो आहोत यावरून करावा. इंग्लंडमध्ये जीसीएसई या शालान्त पातळीच्या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत एक्यूए मंडळाच्या लेखनाच्या प्रश्नाला ४० गुण असतात, त्यांतले २४ आशय आणि रचनेला व १६ वाक्यरचना-शुद्धलेखनाला. त्याच मंडळाच्या इतिहासाच्या परीक्षेत शुद्धलेखनाचा वाटा सुमारे ५ टक्के आहे. आयईएलटीएसच्या लेखनात शब्दसंपत्ती आणि व्याकरण यांना मिळून निम्मे गुण आहेत, कारण ती परीक्षाच भाषेची आहे. वैचारिक निबंधाची स्पर्धा इतिहासाच्या उत्तरपत्रिकेच्या अधिक जवळची आहे असे मला वाटते, पण ती मराठी विभाग भरवत असल्यामुळे ५ टक्क्यांवर मी जाणार नाही. युक्तिवाद २८, मांडणी १४, शुद्धलेखन ८ असे मी ठेवीन.

माझा आकडा घेण्यापेक्षा तुमचा तुम्ही काढलात तर परीक्षकांना तो पटेल. त्यासाठी मागच्या वर्षांचे आठ निबंध निवडा, त्यांत दोन ‘क’सारखे आणि दोन ‘ग’सारखे मुद्दाम घ्या, आणि तिन्ही परीक्षकांना गुण न देता नुसता क्रम लावायला सांगा. मग जोड्यांवर वाद घाला: या दोन निबंधांत हा वर का? किती चुका वाढल्या असत्या म्हणजे तुम्ही तो खाली ठेवला असता? या उत्तरांतून एकमताचा क्रम तयार झाला, की पायऱ्यांवर गुण देऊन वेगवेगळे भारांश लावून पाहा आणि जो त्या क्रमाच्या सर्वांत जवळ जाईल तो ठेवा. आठ निबंधांवरून २८ की २७ हे ठरणार नाही. पाचपाचच्या फरकाने विचार केला तरी पुरे.

पहिल्या तीन क्रमांकांसाठी एक अट वेगळी घालता येते: युक्तिवादात २५ पैकी १६ पेक्षा कमी असलेला निबंध, म्हणजे चौथ्या पायरीखालचा, एकूण गुण कितीही असले तरी बक्षिसाला पात्र नाही. स्पर्धेत मला ती चालते. वर्गाच्या परीक्षेत मी ती कधीच लावत नाही, कारण तिथे १५ आणि १६ मधला एक गुण एखाद्या मुलाचे सगळे गणित पालटतो, आणि तेवढी अचूकता युक्तिवादाच्या गुणांत कितीही पायऱ्या केल्या तरी नसते. स्पर्धेतही सीमेवरचे, म्हणजे १४ ते १७ मिळालेले निबंध निकालापूर्वी दुसऱ्या परीक्षकाने वाचलेच पाहिजेत, हे नियमातच लिहून ठेवा.